‘तुम्ही तर लवकरच सोडून जाल’ : ओंटारिओत नव्याने नोकरी शोधणाऱ्यांसाठी

मी 2011 साली नाशिकहून इथे आले. सातपूरच्या एका कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीचं काम केलं होतं, हाताखाली बारा माणसं होती. आता केंब्रिजजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर आहे, आणि गेली सहा वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसते. आपली माणसं एकाच प्रश्नावर अडखळताना इतक्यांदा पाहिली आहेत की शेवटी लिहायलाच बसले. रेझ्युमे, लिंक्डइन, हिवाळ्यातले बूट या सगळ्याबद्दल सांगायला मंडळात माणसं भरपूर आहेत, म्हणून ते सोडून देते.

प्रश्न असा येतो: ‘तुमचा अनुभव या जागेच्या मानाने खूप जास्त आहे. तुम्ही इथे किती दिवस टिकाल?’

आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘मला कॅनेडियन एक्सपिरियन्स हवा आहे.’ कृपा करून हे वाक्य उच्चारू नका. तुम्हाला त्यात नम्रपणा वाटतो. समोरच्याला ऐकू येतं, ‘तुमचा कारखाना माझी पायरी आहे, वर चढलो की निघालो.’ त्याला जी भीती वाटत होती, ती तुम्हीच खरी करून दिलीत. ‘मी कुठलंही काम करेन’ हेही तसंच आहे. ज्याला कुठलंही काम चालतं, त्याला हेच काम का हवं, हे त्यातून कळत नाही.

समोरच्याची भीती नेमकी कसली असते, ते आतून सांगते. नवा इन्स्पेक्टर आमचे भाग, गेज आणि ग्राहकांच्या मागण्या शिकून एकटा शिफ्ट सांभाळू लागेपर्यंत तीन-चार महिने जातात. तोवर कुणीतरी अनुभवी माणूस त्याच्या शेजारी उभा राहतो, म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं काम मागे पडतं. पाचव्या महिन्यात नवा माणूस गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही झाली पहिली भीती. दुसरी पगाराची: हा आज कमी पैशांत हो म्हणेल आणि नंतर कुरकुरेल. तिसरी कुणी तोंडाने बोलत नाही, पण ती असते: जो सुपरवायझर शॉप फ्लोअरवरून वर आला, त्याला वाटतं की हा डिग्रीवाला माझं ऐकेल का? प्रश्न एकच, पण कारणं तीन. म्हणून उत्तराआधी सरळ विचारा, ‘तुम्हाला काळजी मी लवकर जाईन याची आहे, की रोजच्या कामात माझं मन लागेल का याची?’ बहुतेक माणसं खरं सांगतात, आणि मग तुम्हाला तीन दिशांना बाण मारावे लागत नाहीत.

मागच्या वर्षी चाकणहून आलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. बारा वर्षांचा अनुभव, शेवटी क्वालिटी मॅनेजर. दुपारच्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरच्या जागेसाठी दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्हीकडे त्यांनी तीस माणसांची टीम कशी सांभाळली, हे सांगितलं होतं. जागा होती दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि सीएमएमवर हाताने मोजमाप करण्याची. त्यांनी शेवटचा भाग स्वतः कधी मोजला, असं विचारलं तर ते गप्प झाले. सात वर्षं झाली होती.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून उत्तर बांधलं. सुरुवात कामापासून केली. त्यांनी खरोखर आठवून सांगितलं की, मॅनेजर असतानाही रोज सकाळी पहिल्या भागाच्या तपासणीचे कागद ते स्वतः वाचायचे आणि आकडा पटला नाही तर मशीनपाशी जायचे. मग शिकण्याजोगं काय आहे ते शोधलं. इथली ड्रॉइंग थर्ड अँगल प्रोजेक्शनची असतात, कित्येक इंचांत असतात. त्यांचा बहुतेक अनुभव फर्स्ट अँगल आणि मिलिमीटरचा. कॅनेडियन एक्सपिरियन्स या मोघम शब्दाच्या जागी हे ठोस कारण आलं, आणि ते त्याच मशीनपाशी उभं राहूनच शिकता येणारं होतं. मग पगार. ‘पैशांचं काही नाही’ हे वाक्य आम्ही खोडलं, कारण त्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी: ‘जाहिरातीतली रेंज मी पाहिली, घराचा हिशेब मांडला, आणि त्यात आमचं भागतं म्हणून अर्ज केला.’ ओंटारिओत 2026 च्या जानेवारीपासून पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत पगार किंवा त्याची रेंज द्यावीच लागते, आणि कॅनेडियन अनुभवाची अटही घालता येत नाही. तेव्हा हिशेब खरोखर आधी मांडा.

शेवटी मुदत. पत्नी सकाळच्या शिफ्टला, मुलगी तिसरीत, घर कारखान्यापासून बसने वीस मिनिटं. दुपारची शिफ्ट त्यांना खरंच सोयीची होती. ते म्हणाले, ‘दोन वर्षं मी इथून हलणार नाही, आणि त्याची कारणं माझ्या घरात आहेत.’ मुलाखतीतही त्यांनी असंच सांगितलं. जागा मिळाली.

मुदतीवर मी इतका जोर देते, त्याला कारण आहे. 2012 साली मी एका कारखान्यात ‘पाच वर्षं कुठेही जाणार नाही’ असं छातीठोक सांगितलं आणि अकराव्या आठवड्यात ताशी चार डॉलर जास्त मिळतात म्हणून सोडून गेले. नवी नोकरी हिवाळ्यात गेली. मला रेफरन्सची गरज होती. जुन्या सुपरवायझरने फोन उचलला, पण द्यायला नकार दिला. पुढच्या सात महिन्यांत घरातली शिल्लक संपली. त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षांनी माझी एक मैत्रीण तिथे मुलाखतीला गेली, तेव्हा तिला ऐकावं लागलं, ‘तुमच्याकडची एक इंजिनीयर अशीच बोलून गेली होती.’ तेव्हा जितकी मुदत पाळता येईल, तितकीच सांगा. एक वर्ष खरं असेल तर एक वर्ष म्हणा. तीही ऐकली जाते, कारण बाकीचे सगळे ‘कायमचं’ म्हणत असतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे डिग्री लपवा. रेझ्युमेमध्ये काय ठेवायचं हा तुमचा निर्णय. जागेशी संबंध नसलेली मास्टर्स गाळायला हरकत नाही. पण अर्जाच्या फॉर्मवर ‘सर्वोच्च शिक्षण’ विचारलं असेल आणि खाली ‘वरील माहिती पूर्ण व खरी आहे’ म्हणून सही असेल, तर तिथे खरंच लिहा. नंतर उघडकीस आलं तर त्याच कारणावरून काढता येतं.

केवळ ओव्हरक्वालिफाइड म्हणून नाकारणं इथे भेदभावही ठरू शकतं. 2006 साली कॅनेडियन ह्यूमन राइट्स ट्रिब्युनलने मॅकेंझी व्हॅली लँड अँड वॉटर बोर्डाविरुद्ध तसा निर्णय दिला होता. स्थलांतरितांना आपल्या पात्रतेखालच्या जागांसाठी अर्ज करावे लागतात, हे त्यात विचारात घेतलं गेलं. माहीत असू द्या, पण मुलाखतीच्या खोलीत हा विषय काढू नका.

आणि मुदत संपण्याआधी चांगली ऑफर आलीच तर? चाकणच्या त्या गृहस्थांना नवव्या महिन्यात आली. त्यांनी नव्या मालकाला सांगितलं की मी दोन वर्षांचा शब्द दिला आहे, आणि स्वतःच्या सुपरवायझरलाही जाऊन ऑफरबद्दल सांगितलं. नवा मालक थांबला नाही. सुपरवायझरने मात्र त्यांना तीन महिन्यांनी सप्लायर क्वालिटीच्या जागेवर घेतलं.