चित्रावर मराठी मजकूर पुन्हा बसवताना या चुका टाळा

जुलाब झालेल्या बाळासाठी ओआरएसचे पाणी कसे तयार करावे, हे चार चौकटींत दाखवणारे एक इंग्रजी भित्तिपत्रक मराठीत करायचे आहे, असे समजू. पहिल्या चौकटीत साबणाने हात धुणे आहे, दुसरीत पुडीतील सगळी पावडर १ लिटर पिण्याच्या पाण्यात घालणे आहे, तिसरीत ढवळणे आहे आणि चौथीत ते पाणी २४ तासांच्या आत वापरून उरलेले टाकून देण्याची सूचना आहे. शब्द इतके थोडे आहेत की अनुवाद तासाभरात होतो. काम बिघडते ते त्यानंतर, ते शब्द चित्रावर आपापल्या जागी परत नेताना.

सर्वांत महागात पडणारी चूक कामाला हात लावण्यापूर्वीच होते. अनुवादक एका कागदावर लिहून देतो की ‘वरच्या निळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत मथळा, त्याखाली डावीकडे पहिली चौकट’, आणि काम पूर्ण झाले असे मानतो. काम देणाऱ्याला मात्र छापायला पाठवता येईल असे चित्र हवे असते. मांडणीचे वर्णन आणि बदललेली प्रतिमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोणता मजकूर कुठे जायचा हे वर्णन सांगू शकते, पण तो तिथे मावेल की नाही हे सांगू शकत नाही. तिसऱ्या चौकटीखाली इंग्रजीत दोन लहान शब्द आहेत, ‘स्टर वेल’, आणि त्यांच्यासाठी एका ओळीची अरुंद पट्टी आहे. मराठीत तिथे ‘पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा’ असे लिहावे लागते, कारण नुसते ‘नीट ढवळा’ म्हटले तर केव्हा थांबायचे हे कळत नाही. ही ओळ त्या पट्टीत बसत नाही, आणि हे प्रत्यक्ष अक्षरे जुळवून पाहिल्याशिवाय कोणत्याही वर्णनातून दिसत नाही. म्हणून यादी द्यायची, अक्षरे बदलता येतील अशी खुली फाइल द्यायची, की छपाईयोग्य प्रतिमा द्यायची, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. ज्याला फक्त मजकुराचे काम येते त्याने यादी द्यावी आणि तिला यादीच म्हणावे. ती नीट केली तर डीटीपी करणाऱ्याचे काम फार सोपे होते.

नीट यादी म्हणजे काय? मूळ चित्राच्या प्रतीवर मजकुराच्या प्रत्येक तुकड्याजवळ क्रमांक घालावा आणि यादीत त्या क्रमांकापुढे मूळ मजकूर, मराठी मजकूर, ओळी कुठे तोडल्या तर चालतील, आणि मजकूर मावला नाही तर वापरायचा आखूड पर्याय द्यावा. वरच्या उदाहरणात हा आखूड पर्याय ‘विरघळेपर्यंत ढवळा’ असा होईल. तो अनुवादकानेच दिला पाहिजे, कारण तो न दिल्यास डीटीपी करणारा शेवटचा शब्द कापतो किंवा अक्षर इतके लहान करतो की भिंतीवरचे कुणाला वाचता येत नाही. जे बदलायचे नाही त्याचीही नोंद हवी. चित्रातील पुडीवर छापलेली ‘ओआरएस’ची इंग्रजी अक्षरे तशीच ठेवलेली बरी, कारण घरी आणलेल्या खऱ्या पुडीवर बहुधा तीच अक्षरे असतील आणि बाळाची आई त्यांवरून पुडी ओळखणार आहे.

क्रमांकांऐवजी शब्दांनी जागा सांगण्यात धोका आहे. ‘डावीकडे’ म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे की चित्रातल्या माणसाच्या? शरीररचनेच्या आकृत्यांत हा घोटाळा फार घातक ठरतो, कारण तिथे रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. काही जण मोकळ्या जागा टाकून साध्या मजकुरातच चित्राचा आराखडा उभा करण्याचा प्रयत्न करतात. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि समोरच्याच्या संगणकावर फाँट वेगळा असतो, त्यामुळे तो आराखडा तिथे उघडताच विस्कटतो.

जागा आकड्यांत सांगायच्या असतील तर त्या कोणत्या प्रतीवर मोजल्या हे लिहिणे आवश्यक आहे. ए-४ आकाराचे चित्र ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेलचे असते. तेच मेसेजिंग अ‍ॅपमधून आले तर लहान होऊन, उदाहरणार्थ, ११३१ × १६०० उरते. अनुवादकाने या लहान प्रतीवर एका पट्टीचा डावा-वरचा कोपरा डावीकडून ६२० आणि वरून ४१० पिक्सेलवर मोजला, तर मोठ्या प्रतीवर तो सुमारे २.१९ पटीने सरकून १३५९ आणि ८९९ वर येतो. हा फरक लक्षात न घेतल्यास सगळा मजकूर चित्राच्या वरच्या डाव्या बाजूला गोळा होतो. मजकूर असा एकाच कोपऱ्याकडे सरकलेला दिसला, तर मापे दुसऱ्या प्रतीवरची आहेत हे ओळखावे. रुंदी-उंचीच्या टक्केवारीत मापे दिली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

मूळ इंग्रजी पुसण्याआधी खुल्या थरांची फाइल मिळते का, हे विचारावे. लोक संकोचाने विचारत नाहीत आणि मग दोन दिवस जेपीईजी घासत बसतात. जेपीईजीमध्ये अक्षरे हा वेगळा मजकूर नसून चित्राचाच रंग असतो. त्या अक्षरांच्या खाली काहीही दडलेले नसते. सपाट निळ्या पट्टीवर हे सोपे आहे: पट्टीचाच रंग उचलून अक्षरांवर भरावा, फक्त अक्षराच्या कडेपासून थोडे बाहेर, डाग संपतात तिथपर्यंत, कारण जेपीईजीच्या दाबण्यामुळे अक्षरांभोवती फिकट डाग राहतात आणि ते छपाईत जुन्या अक्षरांच्या सावलीसारखे उमटतात. मजकूर हातावर, भांड्यावर किंवा आकृतीच्या रेषांवर आलेला असेल तर मात्र पुसलेली जागा अंदाजाने भरावी लागते. क्लोन किंवा हीलिंगची साधने शेजारचे पोत उचलून ती भरतात, पण तिथे खरोखर काय होते हे त्यांना ठाऊक नसते. भांड्यावरची १ लिटरची खूण अशा भरण्यात पुसली गेली किंवा वर सरकली, तर चित्र सुंदर दिसेल आणि चुकीचे शिकवेल. अशा ठिकाणी मूळ अक्षरे झाकणारी अपारदर्शक पट्टी घालून तिच्यावर मराठी लिहिणे अधिक प्रामाणिक आहे, आणि पट्टीनेही खूण झाकली जात असेल तर मजकूर बाजूला नेऊन बाण काढावा.

यापुढच्या चुका देवनागरीच्या आहेत आणि त्या बहुतेक वेळा मराठी न वाचणाऱ्या माणसाच्या संगणकावर घडतात. इंग्रजी मथळ्याला ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवलेले असते. तीच मांडणी मराठीला लागू राहिली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो. हे अंतर शून्यावर आणावे. ओळींमधील अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर किंवा रफारावर आदळतो. अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट अंतरापासून सुरुवात करून डोळ्याने ठरवणे योग्य.

‘मिसळा’ऐवजी ‘मसिळा’सारखे काही दिसू लागले, किंवा ‘स्वच्छ’मधील जोडाक्षर फुटून पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसू लागली, तर अनुवाद चुकलेला नसतो, त्या प्रणालीला ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘Adobe World-Ready Paragraph Composer’ निवडावा लागतो. पायथनच्या पिलोमध्ये जुळवणी करणारा घटक उपलब्ध आहे की नाही, हे आधी तपासता येते:

```
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

उत्तर `True` नसेल तर त्या संगणकावर पिलोने देवनागरी लिहूच नये. ओपनसीव्हीच्या `putText`ला तर देवनागरी अक्षरे मुळीच येत नाहीत; तिथे प्रश्नचिन्हे उमटतात. याउलट मजकूर जोडाक्षरांपुरता न बिघडता पूर्णच अनोळखी चिन्हांचा झाला, तर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटचा संशय घ्यावा. अनेक छापखान्यांत असे फाँट अजून वापरात आहेत, आणि त्यांत युनिकोड मजकूर थेट चिकटवता येत नाही. तो त्या फाँटच्या संकेतात बदलून घ्यावा लागतो. या बदलात आणि नुसत्या कॉपी-पेस्टमध्येही, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हमखास घसरतो आणि ‘दुसर्या’ उरते. ओआरएसच्या पत्रकात तेवढ्याने अर्थ बिघडणार नाही, पण ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर दरीचा समुद्र होतो. म्हणून बसवलेल्या मजकुरात असे शब्द वेगळे शोधून पाहावेत. आकड्यांकडेही लक्ष असू द्यावे: देवनागरीतला १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि शेजारच्या भांड्यावर इंग्रजी आकडे असतील तर हा गोंधळ वाढतो. माझ्या मते अशा चित्रात संपूर्ण पत्रकभर एकाच प्रकारचे आकडे ठेवावेत आणि ‘१ लिटर’च्या जोडीला ‘एक’ असे अक्षरीही लिहावे. बाजारात २०० मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात, त्यामुळे इथे प्रमाण चुकणे केवळ छपाईचा दोष राहत नाही.

हल्ली संपूर्ण चित्र नव्याने घडवून त्यात अनुवाद घालणारी स्वयंचलित साधने वापरली जातात. ती फक्त अक्षरे बदलतीलच असे नाही. ती हाताची बोटे, भांड्याचा आकार किंवा पाण्याची पातळीही नकळत बदलू शकतात, आणि देवनागरीसारखी दिसणारी पण न वाचता येणारी चिन्हे काढू शकतात. म्हणून काम कोणत्याही मार्गाने झालेले असो, जुने आणि नवे चित्र एकमेकांवर ठेवून फरक काढावा. दोन्ही चित्रे एकाच आकाराची आणि पीएनजी असावीत, कारण जेपीईजी पुन्हा साठवताना सगळीकडे बारीक फरक पडतो. फोटोशॉप, गिंप किंवा क्रितामध्ये वरच्या थराला ‘Difference’ मोड दिला की जे बदलले नाही ते काळे दिसते. इमेजमॅजिकमध्ये हेच असे होते:

```
compare -metric AE -lowlight-color black mul.png marathi.png farak.png
```

मजकुराच्या पट्ट्यांबाहेर कुठेही रंग दिसला, तर तिथे चित्राला धक्का लागला आहे आणि ती जागा मोठी करून पाहायला हवी. या तपासणीतून मजकूर बरोबर आहे हे मात्र कळत नाही. त्यासाठी पत्रक प्रत्यक्ष आकारात छापून, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या मराठी वाचकाला द्यावे आणि चौकटी पाहून पाणी कसे तयार करायचे ते त्याच्याकडून सांगून घ्यावे. तो ‘किती पाणी?’ असे विचारू लागला, तर दुसऱ्या चौकटीतील मजकूर चित्रापासून तुटलेला आहे.