मुकादमाने ‘गुंडाळले’ म्हणजे नेमके काय केले? : शोधप्रबंधाच्या भाषेविषयी काही अनुभव

समाजशास्त्रात संशोधन पूर्ण केल्यानंतर गेली काही वर्षे मी विभागातील नव्या विद्यार्थ्यांची प्रकरणे वाचून देतो. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा विषय ऊसतोड कामगारांचे स्थलांतर हा असतो आणि त्यांच्या पहिल्या मसुद्यात पुढीलसारखा परिच्छेद हमखास आढळतो. तो कोणा एकाचा नाही. नेहमी दिसणाऱ्या वाक्यांवरून मी तो येथे रचला आहे.

‘मुकादम उचल देऊन लोकांना गुंडाळतो. पोरं फडावर जातात, शाळा बुडते, पण कुणालाच त्याचं काही पडलेलं नाहीये. मग ही वेठबिगारी नाही तर दुसरं काय आहे?’

मार्गदर्शक अशा परिच्छेदाच्या समासात ‘भाषा सुधारा’ एवढेच लिहितात आणि विद्यार्थी ‘पोरं’च्या जागी ‘बालके’ लिहून मोकळा होतो. त्याने काहीच साधत नाही, कारण अडचण सभ्यतेची नसून पुराव्याची आहे. शोधप्रबंधातील प्रत्येक विधान परीक्षकाला तपासता आले पाहिजे आणि वरच्या परिच्छेदातील एकही विधान तसे तपासता येत नाही.

‘गुंडाळतो’ हा शब्द घेऊ. ठरल्यापेक्षा कमी दर दिला, हिशेब दाखवला नाही, खाड्याचे पैसे मनमानी कापले, की फिटलेली उचल पुन्हा अंगावर टाकली? ही चार वेगवेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकासाठी पुरावा वेगळा लागतो: कोठे कारखान्याची वजनपावती, कोठे मुकादमाची वही, कोठे केवळ कामगाराची मुलाखत. बोलण्यात ‘गुंडाळले’ एवढ्याने भागते, कारण ऐकणाऱ्याला मागचा संदर्भ ठाऊक असतो. बीड जिल्ह्यातील केजच्या वाचकाला जे न सांगता कळते ते नागपूरच्या बहिःस्थ परीक्षकाला कळेलच असे नाही. म्हणून मी विद्यार्थ्याला शब्द बदलायला न सांगता मुलाखतींची वही उघडायला सांगतो. त्यातून बहुधा असे वाक्य तयार होते: ‘हंगामाअखेरच्या हिशेबाची लेखी प्रत आपल्याला मिळाली नाही, असे मुलाखत दिलेल्या बहुतेक जोडप्यांनी सांगितले.’ त्यात ‘बहुतेक’च्या जागी सर्वेक्षणातील आकडा आला की विधान पक्के होते. ‘कुणालाच’ या शब्दाचीही तीच गत आहे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय ज्या गावात होती तेथील एकच नोंद ते वाक्य खोटे ठरवते.

मात्र याच परिच्छेदातील ‘उचल’, ‘फड’ आणि ‘मुकादम’ हे शब्द जसेच्या तसे राहिले पाहिजेत. काही विद्यार्थी बोलीभाषेच्या भीतीने ‘उचल’ काढून ‘अग्रिम रक्कम’ लिहितात आणि ‘कोयता’ काढून ‘कामगार’ लिहितात. येथे नुकसान होते, कारण या व्यवसायात कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी, आणि उचल त्या जोडीला मिळून दिली जाते. ‘अर्धा कोयता’ म्हटले की एकटा माणूस. ‘कामगार’ लिहिताच स्त्रीच्या श्रमाचा हिशेब वेगळा होत नाही, हा कदाचित प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नाहीसा होतो. असा शब्द प्रथम येईल तेथे त्याचा अर्थ एका वाक्यात द्यावा आणि पुढे तो निःसंकोच वापरावा. मुलाखतीतील अवतरणांबाबतही समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांची रीत स्पष्ट आहे: बाई ‘आमचं काय, उचल फिटली तर घर’ असे बोलली असेल तर तिच्या तोंडी ‘आमचे’ घालणे म्हणजे पुराव्यात फेरफार करणे होय.

‘पडलेलं नाहीये’ या रूपांचा प्रश्न मराठीत तुलनेने सोपा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार ‘असं केलं’ ही उच्चारानुसारी रूपे पात्राच्या तोंडच्या भाषेसाठी चालतात. एरवी ‘असे केले’ लिहावे. प्रबंधात ही विभागणी उपयोगी पडते, कारण अनुस्वार दिसला की कामगार बोलतो आहे आणि एकार दिसला की संशोधक, हे वाचकाला अवतरणचिन्हांकडे न पाहताही कळते. इंग्रजी शोधनिबंधात प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘दे हॅड’ आणि ‘दे वुड’ या दोन्हींचे संक्षिप्त रूप ‘दे’ड’ असेच होते. पुढे ‘कट’ हे क्रियापद आले, जे भूतकाळातही बदलत नाही, तर ‘दे’ड कट द केन’ याचा अर्थ ‘त्यांनी ऊस तोडला होता’ असाही होतो आणि ‘ते ऊस तोडत असत’ असाही. एक एका वर्षाची घटना आहे, दुसरी दरवर्षीची रीत, आणि स्थलांतराच्या अभ्यासात तोच फरक मोजायचा असतो.

शेवटचे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते. ‘ही वेठबिगारी नाही तर दुसरं काय?’ या प्रश्नाचे उत्तर लेखक वाचकावर सोपवतो. पण वेठबिगार हा केवळ संतापाचा शब्द नाही; 1976 च्या केंद्रीय कायद्यात त्याची व्याख्या आहे. घेतलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर राबावे लागणे, दुसरीकडे काम करण्याचे किंवा मोकळेपणाने फिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे, अशा अटी त्यात येतात. शिवाय 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरील श्रम हेही संविधानाच्या अनुच्छेद 23 खाली सक्तीचे श्रम मानले. तेव्हा यातील कोणती अट आपल्या माहितीतून सिद्ध होते आणि कोणती होत नाही, हे सांगणे म्हणजेच प्रकरणाचा गाभा आहे. प्रश्नचिन्हाने नेमका तोच गाभा ओलांडला जातो. परीक्षकाने मनात ‘नाही’ म्हटले की त्याला अडवणारे एकही वाक्य उरत नाही.

संशोधन-प्रश्न मात्र वेगळा. ‘उचल न फिटल्यास कुटुंब पुढील हंगामात मुकादम बदलू शकते का?’ हा प्रस्तावनेतला प्रश्न योग्यच आहे, कारण चौथ्या प्रकरणात त्याचे उत्तर द्यायचे आहे. कायद्याच्या लेखनात विचारार्थ मुद्दे प्रश्नरूपानेच मांडले जातात. तत्त्वज्ञानात सवलत याहून मोठी आहे: तेथे प्रतिपक्षाची शंका प्रश्नरूपाने उभी करून तिला उत्तर देणे ही युक्तिवादाची पद्धतच आहे. आपल्याकडील शास्त्रार्थाच्या परंपरेतील पूर्वपक्ष तरी वेगळे काय करतो, असे येथे मला विचारता येते ते हा प्रबंध नाही म्हणून. इंग्रजीतील विश्लेषक तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांत संक्षिप्त रूपेही सहज छापली जातात. भाषाशास्त्रज्ञ केन हायलंड यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या विद्याशाखांतील लेखनातले प्रश्न तपासले, तेव्हा मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत ते विज्ञान-अभियांत्रिकीपेक्षा बरेच अधिक आढळले. भाषाविज्ञानाविषयी फारसे सांगायला नको. संक्षिप्त रूप हीच तेथे अभ्यासाची सामग्री असते.

म्हणून निबंध पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे अलीकडचे दोन-तीन अंक घेऊन त्यातील प्रश्नचिन्हे शोधावीत आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच लेखात आहे का, हे पाहावे. मग आपल्या मसुद्यातील प्रत्येक प्रश्न विधानात बदलून पाहावा. ‘ऊसतोडीतील उचल ही कायद्यातील व्याख्येच्या दुसऱ्या अटीत बसते’ असे लिहिताना हात थबकला, तर मुलाखतींत त्या अटीसंबंधीचा प्रश्न विचारायचा राहून गेला आहे असे समजावे आणि पुढची फेरी दिवाळीआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, आखावी. नंतर एप्रिलपर्यंत गावात कोणी भेटत नाही.