फ्लॅश बंद केला, तरी पदार्थाचा फोटो सपाट का येतो? या चुका टाळा

फोनचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्यामुळे त्याचा उजेड समोरूनच पदार्थावर आदळतो, सावल्या पदार्थाच्या मागे लपतात आणि तेलकट किंवा ओल्या भागावर पांढरे ठिपके उमटतात. एवढं कळलं की बहुतेक जण फ्लॅश बंद करून ताट खिडकीपाशी नेतात. तरीही फोटो मनासारखा येत नाही, कारण आता वेगळ्या चुका सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे खिडकीकडे पाठ करून उभं राहणं. पदार्थावर भरपूर उजेड पडतो म्हणून हे बरोबर वाटतं, पण उजेड पुन्हा समोरूनच येतो. शिवाय आपली आणि फोनची सावली ताटावर पडते. भाताची शितं, पावाची जाळी, भाजीच्या फोडी हे सगळं डोळ्यांना जाणवतं ते शेजारी पडणाऱ्या बारीक सावल्यांमुळे, आणि त्यासाठी उजेड बाजूनेच यायला हवा. खिडकी आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं उभं राहा. ताट खिडकीपासून हातभर अंतरावर असलं तर उत्तम. थेट ऊन आत येत असेल, तर मात्र सावल्या काळ्या आणि कडक पडतात. अशा वेळी पातळ पांढरा पडदा ओढा, नाहीतर ताट उन्हाच्या पट्ट्याबाहेर सरकवा.

दुसरी चूक फोटो काढताना कळत नाही, नंतर दिसते: घरातला दिवा चालू राहिलेला असतो. खिडकीचा उजेड निळसर आणि पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस. फोन रंगांचा तोल साधायला बघतो, पण एकाच फोटोत दोन्ही सांभाळणं त्याला जमत नाही. ओळखायची खूण म्हणजे पांढऱ्या ताटाची कड. ती एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला पिवळट दिसली, तर दिवा बंद करा. फिल्टर लावून हे सुधारत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

आता एक उदाहरण सविस्तर बघू. पांढऱ्या वाडग्यात टोमॅटोचं सूप आहे, खिडकी डावीकडे आहे. पहिल्या फोटोत वाडग्याची उजवी बाजू काळपट येते. उपाय सोपा आहे: उजवीकडे, फ्रेमच्या जरा बाहेर, पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा उभा धरा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून सावलीत परततो. कागद जितका जवळ, तितकी सावली फिकी. तो इतकाही जवळ नको की सावली पुसली जाईल, नाहीतर पुन्हा तोच सपाटपणा येतो.

सूप गरम आहे आणि वाफ दिसावी, म्हणून तुम्ही जागा बदलून खिडकी वाडग्याच्या मागे घेता. विचार बरोबर आहे. वाफ मागून आलेल्या उजेडात आणि गडद पार्श्वभूमीवरच उठून दिसते. पण आता सुपावर पांढरा चकाकता डाग येतो आणि लाल रंग हरवतो. ते खिडकीचं प्रतिबिंब आहे. ओला पृष्ठभाग आरशासारखा वागतो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे निघतो आणि फोन नेमका तिथेच असतो. फोन थोडा वर उचला किंवा स्वतः असे सरका की खिडकी वाडग्याच्या मागे पण एका बाजूला येईल. डाग काठाकडे सरकतो. थोडी चमक राहू द्या, तिच्यामुळेच सूप ओलं आणि ताजं दिसतं.

फ्रेममध्ये खिडकी किंवा पांढरं भांडं जास्त आलं की फोन सगळा फोटो गडद करतो. पडद्यावर पदार्थावरच बोट टेकवा आणि तिथली उजेडाची पट्टी गरजेप्रमाणे सरकवा.

कोनाचं फार अवडंबर नको. पदार्थाची उंची बघा. पसरट ताट, सॅलड, पिझ्झा वरून सरळ खाली बघत छान दिसतात; फोन ताटाला समांतर मात्र हवा, नाहीतर गोल ताट लंबगोल होतं. थरांचा केक किंवा सँडविच असेल तर फोन जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा, कारण वरून थर दिसतच नाहीत. वाडग्यासाठी साधारण 45 अंश ठीक, जेवायला बसल्यावर तो आपल्याला तसाच दिसतो. फोन पदार्थाला अगदी चिकटवू नका. जवळून काढलं की पुढची कड फुगते. दोन पावलं मागे जा आणि 2x झूम वापरा.

रात्रीच्या जेवणाला खिडकीचा उपयोग नाही. एक वाटी पदार्थ झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि फोटो सकाळी खिडकीपाशी काढा. त्याआधी तो गरम करून ढवळा, म्हणजे वरची साय मोडेल, आणि वर कोथिंबीर ताजी घाला.