विद्यार्थ्याच्या आकृतीतली नावं आणि बाण टाइप करताना या चुका टाळा

हाताने लिहिलेली उत्तरपत्रिका टाइप करायला घेतली की परिच्छेद भराभर होतात, हात थांबतो तो आकृतीपाशी. चित्र तर टाइप होत नाही, मग त्यातले शब्द आणि बाण क्रमाने यादीत मांडावे लागतात. ज्याच्यापुढे चित्र नाही, फक्त यादी आहे, त्याला मुलाने काय बरोबर काढलं नि काय चुकवलं हे कळलं पाहिजे. उदाहरण म्हणून मानवी हृदयाची आकृती घेऊ.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. पान वाचतात तसं ओळीने वाचत गेलो. चित्राच्या डाव्या बाजूला ‘उजवे अलिंद’ आणि उजव्या बाजूला त्याच उंचीवर ‘डावे अलिंद’ लिहिलेलं होतं, ते माझ्या यादीत ‘उजवे अलिंद डावे अलिंद’ असं एकाच ओळीत आलं. आकृतीतली नावं चित्राभोवती पसरलेली असतात, त्यामुळे ओळीचा क्रम तिथे चालत नाही. मी आता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. बारा वाजण्याच्या जागेपासून सुरुवात करायची, उजव्या बाजूने खाली उतरायचं आणि डाव्या बाजूने वर यायचं. क्रम शब्दाच्या जागेवरून ठरवायचा, रेषेच्या टोकावरून नाही. कारण दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या की टोकांचा क्रम उलटा होतो.

सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक, सगळ्या रेषा एकाच जातीच्या धरण्याची. हृदयाच्या चित्रात दोन प्रकारच्या रेषा असतात. एक नाव आणि भाग जोडणारी, दुसरी रक्त कुठून कुठे जातं ते दाखवणारी. पुष्कळ मुलं दोन्हींना बाणाचं टोक काढतात. ओळखायचं कसं? रेषेचं एक टोक शब्दाला भिडलेलं असेल आणि दुसरं एखाद्या भागावर थांबत असेल, तर ती नावाची रेषा. दोन्ही टोकं चित्राच्या आत असतील किंवा बाण नळीतून बाहेर पडत असेल, तर तो प्रवाहाचा बाण. त्याला ‘कुठून → कुठे’ असं लिहायचं. रेषेला टोकच काढलेलं नसेल, तर दिशा आपण ठरवायची नाही. ‘टोक नाही’ एवढंच लिहायचं.

एका मुलाचं पान असं उतरलं:

```
1. शीर्षक: मानवी हृदय
2. नाव: महाधमनी | वरची कमानदार नळी
3. नाव: फुफ्फुसधमनी | तीच कमानदार नळी
4. नाव: डावे अलिंद | वरचा कप्पा, पानाच्या उजवीकडे
5. नाव: डावे निलय | खालचा कप्पा, पानाच्या उजवीकडे
6. नाव: उजवे नीलय | खालचा कप्पा, पानाच्या डावीकडे
7. नाव: उजवे अलिंद | वरचा कप्पा, पानाच्या डावीकडे
8. नाव: ऊर्ध्व महाशिरा | वरून येणारी नळी, पानाच्या डावीकडे
9. बाण: 8ची नळी → 7चा कप्पा
10. बाण: 7चा कप्पा → 6चा कप्पा
11. बाण: 6चा कप्पा → बाहेर, शेजारी शब्द: फुफ्फुसांकडे
12. बाण: कमानदार नळी → बाहेर, शब्द नाही
```

तिसरी नोंद बघा. फुफ्फुसधमनी उजव्या निलयातून निघते, पण मुलाची रेषा महाधमनीच्या कमानीवरच थांबली आहे. नुसतं ‘फुफ्फुसधमनी’ लिहिलं असतं, तर तपासणाऱ्याला ही चूक दिसलीच नसती. म्हणून प्रत्येक नावापुढे रेषा जिथे टेकली ती जागा हवी, जिथे टेकायला हवी होती ती नव्हे.

‘पानाच्या उजवीकडे’ असं मुद्दाम लिहिलं आहे. हृदय समोरून काढतात, त्यामुळे शरीराची डावी बाजू पानावर उजवीकडे येते. नुसतं ‘उजवीकडचा कप्पा’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला पानाची उजवी की शरीराची, हे कळणार नाही. आणि ‘डावे निलय पानाच्या उजवीकडे’ हे पाहून मुलाची गल्लत झाली असं वाटून नाव बदलायला जाऊ नका. ते बरोबरच आहे.

सहाव्या नोंदीतला ‘नीलय’ तसाच ठेवायचा. शब्द सुधारून दिला की मुलाला येत नव्हतं ते येत होतं असं दिसतं. खोडलेला शब्द वाचता येत असेल तर ‘खोडलेले’ अशी खूण करून लिहायचा, न लागणाऱ्या शब्दाच्या जागी [अस्पष्ट] लिहायचं. संदर्भावरून अंदाजाने भरायचं नाही.

यादी झाली की आधी मोजा. वरच्या पानावर नावाच्या रेषा 7 आणि प्रवाहाचे बाण 4, शीर्षक धरून नोंदी 12. आकडा जुळला नाही तर बहुतेकदा एखादा बिनशब्दाचा बाण सुटलेला असतो, वरच्या बाराव्या नोंदीसारखा. मग मूळ पान झाका आणि यादीवरून कोऱ्या कागदावर कप्पे, नळ्या आणि बाण काढून पाहा. जिथे पेन्सिल अडेल, ती नोंद अपुरी आहे.