फिस्टुला समजावण्याआधी: सिस्टरची तयारीची यादी

डायलिसिससाठी हातावर फिस्टुला करायचा ठरला की सर्जन जोखीम सांगतात आणि सही घेतात. पण "म्हणजे नेमकं काय करणार हो सिस्टर?" हा प्रश्न आमच्याकडेच येतो. युनिटमध्ये नव्याने येणाऱ्या मुलींसाठी ही तयारी लिहून ठेवते आहे.

आधी माणसं बघा. फॉर्मवर सही मुलगा करतो, पण घरी त्या हाताकडे लक्ष ठेवणार असते बायको किंवा सून. डिचोली, सत्तरीकडून आलेल्या कुटुंबात ती बहुतेक वेळा दाराबाहेर पिशवी धरून उभी असते. तिला आत बोलवा, खुर्ची द्या आणि मगच सुरुवात करा. पहिलं वाक्य आपलं नको. "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" असं विचारा आणि गप्प बसा. कोणी म्हणेल हातात नळी घालणार, कोणी म्हणेल यंत्र बसवणार. कुठून सुरू करायचं ते त्या उत्तरावरून कळतं. हातात बाहेरची कुठलीच वस्तू राहणार नाही, स्वतःचीच शीर स्वतःच्याच नाडीला शिवतात, हे इथेच सांगून टाका.

शब्द आधी ठरवून ठेवा, कारण आपल्याकडे 'शीर' हा शब्द फार कामाला जुंपलेला आहे. मान अवघडली तरी "शीर आखडली", सुई टोचायची तरी शीर, झटका आला तरी "मेंदूची शीर". नुसतं "शीर कापून जोडणार" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हाताची ताकद जाणार. म्हणून मी दोनच शब्द वापरते. मनगटावर बोट ठेवलं की उडते ती नाडी; ती हृदयाकडून रक्त जोराने आणते. कातडीखाली निळसर दिसते ती शीर. ती रक्त सावकाश परत नेते. बोलणं संपेपर्यंत हे शब्द बदलायचे नाहीत, मध्येच 'रक्तवाहिनी' आणायची नाही.

आता कागद. साधे कोरे कागद, लाल आणि निळा जाड स्केचपेन. छापील चित्र नको, त्यात इतकं काही असतं की माणूस बघायचंच सोडतो. रुग्णाचाच हात कागदावर ठेवून त्याची कड गिरवा. "हा तुमचा हात" असं सांगावं लागत नाही, आणि घरचे आपोआप पुढे वाकतात. पेन आधी रुग्णाच्या हातात देऊन नाव लिहायला सांगा. ज्या हाताने लिहितात तो मोकळा ठेवून शक्यतो दुसऱ्या हातावर फिस्टुला करतात. कोणता हात वापरता असं विचारलं तर पुष्कळ जण सवयीने "उजवा" म्हणून मोकळे होतात.

चित्रात माझी एक चूक झाली होती, ती इथे सांगते. वाळपईकडचे एक कुळागरवाले काका होते. मी लाल रेघ कोपराकडून मनगटापर्यंत आणली आणि तिथेच वळवून निळ्या रेघेला मिळवली. काकी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मागीर बोटांक रगत खंयच्यान येतलें?" प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या चित्राप्रमाणे बोटांना रक्तच मिळत नव्हतं. खऱ्या शस्त्रक्रियेत नाडी तोडत नाहीत. तिच्या कडेला लहानशी खिडकी करतात आणि निळ्या शिरेचं टोक तिथे शिवतात. नाडी पुढे बोटांकडे जातेच. म्हणून लाल रेघ आधी पूर्ण, बोटांपर्यंत काढा, आणि मग निळी तिला बाजूने चिकटवा. त्या दिवशी मी नवीन कागद घेतला. काका स्वतःच म्हणाले, "म्हणजे पाटाला बाजूने तोंड काढून पाणी पोफळींकडे घेतो, तसं. पाट पुढे वाहतोच." तेव्हापासून मी पाटच सांगते. बोटांकडे जाणारी दुसरी नाडी करंगळीच्या बाजूला असते, तीही काढून दाखवा. तरीही काही जणांच्या हाताला रक्त कमी पडतं. बोटं गार पडली, दुखू लागली, बधिर झाली तर कळवायचं, हे चित्र समोर असतानाच सांगा.

एवढं कशासाठी, याचं उत्तर दोन ठिपक्यांत मिळतं. यंत्राला दर मिनिटाला साधारण 250 ते 300 मिली रक्त लागतं. साध्या शिरेतून तेवढं येत नाही. जोडणी झाली की नाडीचा जोर शिरेत शिरतो, शीर फुगते आणि जाड होते. कागदावर मोहरीएवढा ठिपका काढा, ही आजची शीर. शेजारी टपोऱ्या मिऱ्याएवढा, साधारण 6 मिलिमीटरचा. सुया टोचायला ती तेवढी व्हायला हवी. मी दोन्ही दाणे डबीत ठेवते आणि तळहातावर देते.

ती फुगायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. कागदाच्या तळाशी आठ चौकोन काढा आणि शस्त्रक्रियेची तारीख पहिल्यात लिहा. चवथ, शिगमो असं काही मध्ये येत असेल तर त्या चौकोनावर खूण करा. मग काळ डोक्यात बसतो. "झालं ऑपरेशन, आता उद्या मानेतली नळी काढा" ही अपेक्षा इथेच सुटते. काही हातांत शीर फुगतच नाही, आणि मग वरच्या बाजूला पुन्हा करावं लागतं, हेही आधीच सांगा. नंतर सांगितलं तर ते आपली चूक लपवल्यासारखं ऐकू येतं.

चित्रात न येणारी गोष्ट म्हणजे थरथर. जोडणीवर बोटं ठेवली की आत सतत सूक्ष्म थरथर लागते, अंगाशी निजलेलं मांजर गुरगुरतं तशी. शिफ्टमध्ये जुना फिस्टुला असलेलं कोणी तयार असेल तर त्यांना विचारून घरच्यांची बोटं त्या हातावर ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ ती बघायची. थांबली तर आत गुठळी झालेली असू शकते, आणि लवकर आलं तर कधी कधी जोडणी वाचते. त्यामुळे त्याच दिवशी यायचं, पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबायचं नाही.

शेवटी पेन घरच्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, गावातल्या नणंदेला समजावता तसं मला सांगा." इथे लाल रेघ मनगटावर थांबली तर पुन्हा पाटापासून सुरू करा.

कागद घरी जाऊ द्या. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एवढंच लिहा: या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नाही, नारळाची पिशवी नाही, झोपताना हात अंगाखाली नाही. रक्त उसळलं तर त्याच जागी बोटाने घट्ट दाबायचं, हात वर धरायचा आणि 108 लावायचा. वरून फडकी गुंडाळत बसायचं नाही, त्याखाली रक्त वाहत राहतं. थरथर थांबली तर युनिटचा नंबर, तो तुम्ही स्वतः लिहा आणि त्यांच्या फोनवरून एकदा लावून बघा.