अरबी-इंग्रजी मजकूर एकत्र टाइप करताना या चुका टाळा

पुण्यातून ओमान, दुबईकडे मशिनं जातात, त्यांच्याबरोबर अरबी माहितीपुस्तिकाही जातात. त्यातल्या बऱ्याच शेवटच्या तपासणीसाठी माझ्याकडे येतात. नवीन माणसानं केलेली फाईल असेल तर पूर्णविराम बघूनच ओळखू येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परिच्छेद उजवीकडे अलाइन करायचा आणि आपण अरबी मांडणी केली असं समजायचं. अलाइन केल्यानं ओळी फक्त उजव्या कडेला चिकटतात. परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडेच राहते. अक्षरांना स्वतःची दिशा असते, पूर्णविराम आणि कंस यांना नसते. शेजारी काय आहे आणि परिच्छेद कोणत्या दिशेचा आहे, यावर त्यांची जागा ठरते. त्यामुळे अरबी वाक्याचा शेवटचा पूर्णविराम उजव्या टोकाला, म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीनं वाक्याच्या सुरुवातीला, जाऊन बसतो. वर्डमध्ये कर्सर परिच्छेदात ठेवून Ctrl आणि उजवीकडची Shift दाबा, दिशा बदलते. परत आणायला Ctrl आणि डावीकडची Shift. हे चालत नसेल तर आधी विंडोजमध्ये अरबी कीबोर्ड जोडा. लिब्रेऑफिसमध्ये Ctrl+Shift+A, पण त्याआधी भाषांच्या सेटिंगमध्ये Complex Text Layout चालू हवं.

एवढं न करता लोक काय करतात? पूर्णविराम हातानं उचलून ‘दिसायला बरोबर’ जागी नेऊन ठेवतात. मला याचाच संताप येतो. एका निर्यातदाराची जाडजूड पुस्तिका अशीच आली होती. करणाऱ्यानं प्रत्येक वाक्याचा पूर्णविराम वाक्याच्या आधी टाइप केला होता, आणि शेवटी यायचा कंसातला मॉडेल क्रमांकही आधीच. पडद्यावर सगळं चकाचक. मग कंपनीतल्या एका जाणकारानं दिशा चुकल्याचं पाहिलं, सगळं सिलेक्ट केलं आणि Ctrl व उजवी Shift दाबली. त्यानं केलं ते बरोबरच होतं, पण त्या क्षणी पानोपानी वाक्यं पूर्णविरामानं सुरू व्हायला लागली आणि मॉडेल क्रमांक शीर्षकासारखे पुढे आले. शोधा-आणि-बदला करून काही साधलं नाही, कारण प्रत्येक ओळीत गडबड वेगळी होती. एकेक वाक्य टाइप करण्याच्या क्रमात परत लावावं लागलं. घाई करून वाचवलेला वेळ असा दुपटीनं वसूल होतो.

म्हणून माझी सवय अशी: आधी रिकाम्या परिच्छेदाची दिशा ठरवायची, मग ज्या क्रमानं वाक्य बोलू त्याच क्रमानं टाइप करायचं, आणि कंस उलटा दिसला तरी वाक्य पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. अर्ध्या वाक्यात कंस इकडेतिकडे उड्या मारतो, पुढचा शब्द आला की बहुतेक वेळा जागेवर येतो. वर्डमध्ये कंस कोणत्या कीबोर्डवर टाइप केला यानंही फरक पडतो. त्यामुळे अरबी वाक्यातल्या इंग्रजी नावाभोवतीचे दोन्ही कंस मी अरबी कीबोर्डवरच घालते आणि फक्त आतल्या नावापुरता कीबोर्ड बदलते.

तरीही काही जागा हट्टी असतात. वैद्यकीय कागदावर अरबी वाक्याच्या शेवटी रक्तगट B+ लिहा, तो +B दिसेल. अधिक चिन्हाच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला अरबी परिच्छेदाचा शेवट, त्यामुळे ते परिच्छेदाच्या दिशेनं सरकतं. इथं अधिक चिन्हाच्या लगेच पुढे एक अदृश्य खूण घालायची, जी इंग्रजी अक्षरासारखी वागते:

```
200E  (मग Alt+X)
```

आकडे गायब होतात आणि चिन्ह मुकाट्यानं जागेवर येतं. खूण आहे की नाही हे बघायला बाणाची कळ दाबत जा, एका ठिकाणी कर्सर हलल्यासारखा दिसत नाही, तिथे ती आहे.

फोन नंबरची गंमत उलटी आहे. अरबी शब्दानंतर +971 असा, मध्ये जागा सोडत लिहिलेला नंबर आला की आकड्यांचे गट उजवीकडून डावीकडे लागतात आणि शेवटचा गट डाव्या टोकाला जातो. इथं खूण अधिक चिन्हाच्या आधी हवी, म्हणजे पुढचे सगळे आकडे इंग्रजीसारखे डावीकडून उजवीकडे लागतात. 10-20 अशी मर्यादाही 20-10 दिसते, तिलाही हाच उपाय.

अरबी वाक्यात इंग्रजी स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह वापरू नका, अरबी कीबोर्डवर त्यांची वेगळी चिन्हं आहेत.

पीडीएफमधून अरबी कॉपी करू नका, क्रम बऱ्याचदा बिघडून येतो. मूळ फाईल मागा.

आणि तपासायला दिलेल्या छापील प्रतीवर ‘कंस उलटा’ एवढंच लिहून पाठवू नका. छापलेल्या कागदावरून कंस चुकीचा टाइप झालाय की दिशा चुकलीय, हे कोणालाच सांगता येत नाही. फाईलच पाठवा.