चॅटचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार करताय? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या युनिटमधला कामगार माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला आला. दोन दिवसांचा खाडा मांडून पगार कापला होता. "काका, पुरावा आहे की माझ्याकडं," म्हणत त्यानं फोटो दाखवला. सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, रात्री 9:40: "उद्या माग बंद, परवा पण येऊ नको."

आता बघा. वर तारखेच्या जागी नुसतं Today. मग 'उद्या' म्हणजे कुठला दिवस? कंपनीनं तेच धरलं: मेसेज आमचाच, पण मागच्या महिन्यातल्या बंदचा. स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावात बहुतेक फोनवर तारीख असते, पण पठ्ठ्यानं तो मेव्हण्याला पाठवून परत मागवलेला. नाव बदलून IMG-…-WA0003 झालेलं, त्यातली तारीख फोटो परत आल्याची. मूळ चॅट? जुना फोन नवी पेठेत देऊन नवा घेतला, बॅकअप नाही. शेवटी त्याच रात्री तोच मेसेज आलेला दुसरा कामगार सापडला. त्याच्या फोनवर तारखेसकट चॅट होतं, म्हणून खाडा रद्द झाला.

म्हणून मूळ फोन आणि मूळ चॅट जपा, तक्रार निकाली निघेपर्यंत. Disappearing messages चालू असेल तर 24 तासांत, 7 किंवा 90 दिवसांत सगळं गायब होतं. आधी ते बघा.

दुसरी खोड, नाव दिसतं, नंबर नाही. 'सुपरवायझर' या नावानं कुणाचाही नंबर सेव्ह करता येतो, आणि समोरचा हेच म्हणतो. मी दुसऱ्या फोनवर व्हिडिओ काढायला लावतो: आधी प्रोफाइल उघडून नंबर, मग चॅटमध्ये येऊन सावकाश वर सरकत त्या दिवसाच्या तारखेपर्यंत. दोन मिनिटं लागतात, पण लोकांना तेवढाही धीर नसतो.

Export chat करून ठेवा, त्यात तारीख-वेळ येते. पण ती साधी .txt फाइल, कुणीही बदलू शकतं. एकटी देऊ नका.

लाल गोल, बाण काढू नका. आपली उत्तरं कापू नका; पूर्ण चॅट समोरच्याकडंही असतं.

"स्क्रीनशॉट चालत नाही" असं कुणी सांगितलं म्हणून गप्प बसणारेही भेटतात. कंपनीच्या अंतर्गत चौकशीला कोर्टाइतके कडक पुराव्याचे नियम लागत नाहीत. तिथं स्क्रीनशॉट चालतो; हजेरीपत्रक, पगारपावती, साक्षीदार यांच्याशी जुळला तर चांगलाच. कोर्टात गेलात तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-कोड, लिहावी लागते. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर मात्र प्रमाणपत्राची गरज पडत नाही. नवी पेठेत दिलेल्या फोनची आठवण त्या पोराला तेव्हा फार आली असती.